सोमवारच्या शिवराक ताटात प्रोटीनचा स्कूप: पाण्यातला आणि दुधातला हिशेब

गोव्यात अनेक घरांत सोमवारी नुस्तें शिजत नाही. कुणी गुरुवारही पाळतो आणि श्रावणात तर काही घरांत महिनाभर शिवराक जेवण असतं. ज्यांचं रोजचं प्रोटीन मुख्यतः माशांतून येतं, त्यांच्या ताटातून त्या दिवशी ते एकदम कमी होतं. व्यायाम करणारी मुलं मग प्रोटीन पावडरचा डबा उघडतात, एक स्कूप दुधात ढवळतात आणि "२४ ग्रॅम प्रोटीन घेतलं" असं म्हणून मोकळी होतात. डब्यावर २४ लिहिलेलं असतं हे खरं. पण ताटात त्या पेल्यामुळे नेमकं काय वाढलं, हे त्या एका आकड्यातून कळत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी एक सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पेल्याच्या नेहमी दोन ओळी मांडायच्या, एक पावडरची आणि दुसरी ती ज्यात कालवली त्या द्रवाची. पाणी घेतलं तर दुसरी ओळ शून्याची. दूध घेतलं तर दुसरी ओळ कधी कधी पहिलीपेक्षाही मोठी निघते. या दोन ओळी जेवणाच्या हिशेबात मिळवल्या की मगच त्या जेवणाचे मॅक्रो, म्हणजे प्रोटीन, कार्ब्स आणि फॅट, खरे कळतात.

आधी डबा नीट वाचा

डब्याच्या मागच्या तक्त्यात सहसा दोन रकाने असतात. एक १०० ग्रॅम पावडरचा, दुसरा एका सर्व्हिंगचा. आपल्याला सर्व्हिंगचा हवा, पण त्याआधी सर्व्हिंग किती ग्रॅमची ते शोधा. दुधापासून बनणाऱ्या व्हे प्रोटीनमध्ये ती बहुतेक वेळा ३० ते ३५ ग्रॅमची असते. या लेखात आपण अशी पावडर धरू, जिच्या ३३ ग्रॅममध्ये २४ ग्रॅम प्रोटीन, ३ ग्रॅम कार्ब्स आणि २ ग्रॅम फॅट आहे. प्रोटीन आणि कार्ब्सच्या प्रत्येक ग्रॅमला ४ कॅलरी आणि फॅटच्या ग्रॅमला ९, म्हणजे ९६ अधिक १२ अधिक १८, एकूण १२६ कॅलरी. तुमच्या डब्यावरचे आकडे थोडे वेगळे असतील, तेच वापरा. हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहा. डब्यावरच्या कॅलरीशी तो साधारण जुळला पाहिजे.

दोन ठिकाणी नवी माणसं हमखास अडकतात. वजन वाढवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या गेनरच्या डब्यावरही मोठ्या अक्षरांत प्रोटीनच लिहिलेलं असतं, पण त्यात कार्ब्स प्रोटीनच्या कित्येक पट असू शकतात आणि एका सर्व्हिंगला दोन-तीन मोठे स्कूप लागतात. ती वेगळी वस्तू आहे, इथला हिशेब तिला जसाच्या तसा लावू नका. दुसरं, काही पावडरींच्या तक्त्यात "दुधासह" असा आणखी एक रकाना असतो. त्यातले आकडे घेऊन वर पुन्हा दूध मिळवलं, तर दूध दोनदा मोजलं जातं. नुसत्या पावडरचा रकाना घ्या आणि दुधाची ओळ आपली आपण मांडा.

स्कूप म्हणजे वजन नव्हे

डब्यातला प्लास्टिकचा स्कूप जागा मोजतो, ग्रॅम नाही. पावडर दाबून भरली, वर शीग ठेवली किंवा डबा आपटून ती खाली बसली असेल, तर त्याच स्कूपमध्ये ३३ ऐवजी ३८-४० ग्रॅम सहज जातात. ४० ग्रॅम पावडर म्हणजे वरच्या हिशेबाने २९ ग्रॅम प्रोटीन आणि १५० च्या पुढे कॅलरी.

म्हणून स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा घ्या. रिकामा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करा आणि स्कूपने पावडर घाला. तुमचा हात किती भरतो ते तीन-चार वेळा पाहिलं की अंदाज बसतो, मग रोज काटा काढायची गरज नाही. नवा डबा उघडला की मात्र पुन्हा एकदा मोजा, कारण दोन कंपन्यांचे स्कूप सारख्या मापाचे नसतात.

काटा नसेल तर डबाच सांगतो. एक किलोच्या डब्यात ३३ ग्रॅमप्रमाणे ३० वेळा पुरेल एवढी पावडर असते. रोज एकच स्कूप घेऊन डबा २५ दिवसांत संपला, तर तुमचा स्कूप ४० ग्रॅमचा आहे, हे भागाकारानेच कळतं.

आता दुसरी ओळ: पेल्यात काय ओतलं

दुधाच्या पिशवीवरचं नाव वाचा. रंगावर जाऊ नका, कारण प्रत्येक डेअरीचे रंग वेगळे. गोवा डेअरीची पिशवी असो की बाहेरून येणारी, देशभरात दुधाच्या प्रकारांची मानकं एकच आहेत. डबल टोन्ड दुधात किमान दीड टक्का फॅट, टोन्डमध्ये ३ टक्के, स्टँडर्डाइज्डमध्ये साडेचार आणि फुल क्रीममध्ये ६ टक्के. प्रोटीन आणि दुधातली साखर या सगळ्यांत जवळपास सारखीच असते, फरक पडतो तो फॅटचा. "घट्ट दुधात जास्त ताकद" असं आपल्याकडे घरोघरी म्हणतात. तिथे ताकद म्हणजे कॅलरी, आणि ती फॅटमधून येते. प्रोटीनसाठी फुल क्रीम घेण्यात काही हशील नाही.

२५० मिलीच्या पेल्यासाठी हे आकडे लक्षात ठेवले तर पुरे:

| पेल्यात काय | प्रोटीन | कार्ब्स | फॅट | कॅलरी |
|---|---|---|---|---|
| पाणी | ० | ० | ० | ० |
| टोन्ड दूध | ८ | १२ | ७.५ | सुमारे १५० |
| फुल क्रीम दूध | ८.५ | १२.५ | १५ | सुमारे २२० |

फुल क्रीमच्या ओळीकडे परत एकदा पाहा. आपल्या पावडरच्या स्कूपला १२६ कॅलरी होत्या आणि ती ज्यात कालवली त्या दुधाला २२०. ज्याने फक्त डब्यावरचा आकडा लिहून ठेवला, त्याच्या वहीत पेल्याचा मोठा भाग आलाच नाही.

गवळ्याकडून म्हशीचं सुटं दूध येत असेल, तर फुल क्रीमची ओळ धरा. साय काढून वापरत असाल तर फॅट बरंच कमी होतं, पण किती ते घरी सांगता येत नाही. अशा वेळी टोन्डच्या ओळीवर समाधान मानावं. साखर घातली तर चपट्या चमच्याला ५ ग्रॅम कार्ब्स आणि २० कॅलरी वेगळ्या लिहा. शहाळ्याच्या पाण्यात कालवणारेही भेटतात. तिथे २५० मिलीला साधारण १० ग्रॅम कार्ब्स येतात, प्रोटीन जवळपास नाहीच. केळं घालणाऱ्यांनी तर ते सोलून वजन करावंच, कारण लहान सालदाटीचं केळं आणि मयड्याचं मोठं केळं यांना "एक केळं" म्हणून एकाच ओळीत बसवता येणार नाही. सोललेल्या १०० ग्रॅम केळ्याला २३ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स धरा.

एक ताट पूर्ण मांडून पाहू

माझा भाचा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहे. संध्याकाळी जिम करून घरी येतो आणि रात्री आईच्या हातचं जेवतो. वजन ६० किलो. सोमवारी रात्री त्याच्या ताटात उकड्या तांदळाचा भात, खोबरं घातलेलं तुरीचं वरण आणि भेंडीची भाजी असते. त्याची आई त्याला फुल क्रीम दुधात स्कूप घालून द्यायची, प्रेमाने आणि पेला भरून. पोट मात्र सुटायला लागलं, तेव्हा आम्ही बसून ते ताट मोजलं.

मोजताना वस्तू कच्च्या असतानाच तोलाव्यात. उकड्या तांदळाचा भात कुणी मोकळा शिजवतो, कुणी मऊ, त्यामुळे शिजलेल्या वाटीचा भरवसा नाही. त्याच्या वाट्याला कच्चे ९० ग्रॅम तांदूळ येत होते, शिजून साधारण २५० ग्रॅम भात. त्यातून ७ ग्रॅम प्रोटीन, ७० ग्रॅम कार्ब्स आणि फॅट एखादा ग्रॅम. वरणासाठी ३० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रोटीन आणि १८ ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. भेंडी १०० ग्रॅम, तिचं प्रोटीन २ ग्रॅम आणि कार्ब्स पाच. वरण आणि भाजी मिळून ओलं खोबरं २५ ग्रॅम, ज्यातून ८ ग्रॅम फॅट येतं. फोडणीचं तेल दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम फॅट. हे तेल आणि खोबरं लोक हमखास विसरतात, कारण ते ताटात वेगळं दिसत नाही.

बेरीज थोडी गोळाबेरीज करून अशी आली: प्रोटीन १६, कार्ब्स ९५, फॅट १९, कॅलरी सुमारे ६१५.

आता पेला. पाण्यात स्कूप घेतला तर ताट होतं प्रोटीन ४०, कार्ब्स ९८, फॅट २१, कॅलरी ७४१. टोन्ड दुधात घेतला तर प्रोटीन ४८, कार्ब्स ११०, फॅट २८ च्या वर, कॅलरी ८९० च्या आसपास. आणि आई देत होती तसा फुल क्रीममध्ये घेतला तर प्रोटीन तेवढंच, साधारण ४८, पण फॅट ३६ आणि कॅलरी ९६० पर्यंत. पाण्याच्या पेल्याच्या तुलनेत साडेआठ ग्रॅम प्रोटीनसाठी २२० कॅलरी जास्त मोजाव्या लागल्या. वजन वाढवायचं असेल तर हा सौदा चांगला आहे. भाच्याला ते नको होतं.

मग किती आणि कशात घ्यायचं

इथे एक प्रश्न कुणी विचारत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: भरून काढायचंय किती? नुस्तें असतं त्या रात्री भाच्याच्या ताटात वरणाऐवजी बांगड्याचं हुमण असतं. बांगड्याच्या १०० ग्रॅम मांसात १९-२० ग्रॅम प्रोटीन. भात, भाजी आणि खोबऱ्याचं धरून ते ताट ३० ग्रॅमच्या आसपास जातं. सोमवारचं ताट १६ वर थांबतं. म्हणजे तूट १४ ग्रॅमची, २४ ची नव्हे, कारण वरणानेही आपला वाटा उचललेला असतो.

ही १४ ग्रॅमची तूट भरायला ३३ ग्रॅमचा पूर्ण स्कूप लागतच नाही. २० ग्रॅम पावडर, म्हणजे अर्ध्याहून थोडी जास्त, पाण्यात कालवली की साडेचौदा ग्रॅम प्रोटीन मिळतं आणि कॅलरी जेमतेम ७६. आता तो सोमवारी तेवढीच घेतो. डबाही जास्त पुरतो, आणि पावडरच्या किमती पाहता ही लहान गोष्ट नाही.

ज्यांनी जिममुळे मुळातच जास्त प्रोटीन घ्यायचं ठरवलं आहे, त्यांनी पूर्ण स्कूप घ्यावा. पण कॅलरी वाढू द्यायच्या नसतील तर ताटातलं काहीतरी कमी करावं लागेल. सोपा मार्ग असा: पाण्यातला पूर्ण स्कूप आणि त्या बदल्यात शिजलेला भात १०० ग्रॅम कमी. भातासोबत अडीच-तीन ग्रॅम प्रोटीन, २८ ग्रॅम कार्ब्स आणि जवळपास १३० कॅलरी जातात. ताट पुन्हा ६१५ च्या आसपास येतं आणि प्रोटीन १६ वरून ३७ वर गेलेलं असतं.

पाण्यातली चव ज्यांना उतरत नाही, त्यांनी अर्धं टोन्ड दूध आणि अर्धं पाणी घ्यावं. १२५ मिली दुधाला साधारण ७५ कॅलरी आणि ४ ग्रॅम प्रोटीन. मला स्वतःला हाच मेळ सर्वांत टिकाऊ वाटतो. नुसत्या पाण्यावर लोक आठवडाभर राहतात आणि मग पुन्हा भरल्या दुधावर जातात.

रोजची गरज किती हेही ताटाशेजारी ठेवून पाहा. आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरेसं धरलं आहे. ६० किलोच्या माणसाला ते ५० ग्रॅम होतं. जोरदार व्यायाम करणाऱ्याला याहून जास्त लागतं. पण दिवसभर बसून काम करणारा, दोन वेळा नुस्तें-भात आणि सकाळी अंडं-पाव खाणारा माणूस त्या आकड्याला बहुधा पावडरशिवायच पोचतो. त्याने डबा घेण्याआधी आपलं एक दिवसाचं खाणं लिहून पाहावं.

कालवताना काय बिघडतं

आधी द्रव, मग पावडर, हा क्रम पाळा. कोरड्या पेल्यात पावडर घालून वर दूध ओतलं तर तळाला चिकट थर बसतो आणि तो धुवून मोरीत जातो. तो थर म्हणजे तुम्ही हिशेबात धरलेलं आणि न प्यायलेलं प्रोटीन. पेला संपल्यावर थोडं पाणी घालून हलवा आणि तेही प्या.

उकळतं दूध नको. व्हे प्रोटीन कडक उष्णतेने आळतं आणि गुठळ्या होतात. त्यातलं प्रोटीन नाहीसं होत नाही, पण प्यायला नकोसं होतं आणि अर्धं पेल्यातच राहतं. थंड किंवा कोमट दूध घ्या.

कामावर न्यायचं असेल तर कोरडी पावडर वेगळ्या डबीत न्या आणि तिथे शेकरमध्ये आधी पाणी, मग पावडर घाला. दुधात कालवून सकाळी बॅगेत टाकलेला शेकर इथल्या उकाड्यात दुपारपर्यंत आंबतो. झाकण उघडताच आंबट वास आला तर चव घेऊन पाहण्याच्या फंदात पडू नका, ओतून द्या. कालवलेलं दोनेक तासांत संपवावं, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावं.

पावसाळ्यातली काळजी वेगळी. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की झाकण सैल राहिलेल्या डब्यात आठवड्याभरात खडे धरतात. खडे झालेली पावडर स्कूपमध्ये नीट बसत नाही, मध्ये पोकळ जागा राहते आणि स्कूपचं माप चुकतं. त्या महिन्यांत काट्यावरच मोजा. मोठ्या डब्यातून आठवड्यापुरती पावडर छोट्या घट्ट झाकणाच्या बरणीत काढून घ्या, म्हणजे मोठा डबा रोज उघडावा लागत नाही. आत आलेली ओलावा शोषणारी पुडी डब्यातच राहू द्या. ओला चमचा किंवा ओला हात आत घालू नका. हलके खडे बोटाने फुटत असतील आणि वास नेहमीचा असेल तर पावडर वापरता येते. रंग बदलला, कुबट वास आला किंवा बुरशी दिसली तर डबा टाकून द्या, कितीही महाग असला तरी.

पेला घेतल्यावर पोट फुगणं, गुडगुडणं, जुलाब होणं हे पुष्कळदा दुधातल्या साखरेमुळे, म्हणजे लॅक्टोजमुळे होतं. साध्या व्हे कॉन्सन्ट्रेटमध्येही थोडं लॅक्टोज असतं, पण २५० मिली दुधात ते १२ ग्रॅमच्या घरात जातं. म्हणून दोष कुणाचा ते असं ओळखा: तीन-चार दिवस तीच पावडर पाण्यात घ्या. त्रास थांबला तर कारण दूध. तरीही राहिला तर व्हे आयसोलेट घेऊन पाहा, त्यात लॅक्टोज अगदी कमी असतं. तेही सोसत नसेल तर वाटाणा किंवा सोयाची पावडर असते, तिचे आकडे तिच्या डब्यावरून नव्याने मांडा. दुधातल्या प्रोटीनचीच ॲलर्जी असेल तर मात्र व्हेच्या कोणत्याही प्रकारापासून लांब राहायचं, असे प्रयोग करायचे नाहीत.

मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक चमचाही वाढवू नये. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी दुधातले १२ ग्रॅम कार्ब्स आणि वर घातलेलं केळं त्या जेवणात मोजून घ्यावं, कारण तेही रक्तातली साखर वाढवतात.

आणि मंगळवारी हुमण परत आलं की सोमवारचा पेला आपोआप चालू ठेवू नका. त्या रात्री ताटात ३० ग्रॅम प्रोटीन आधीच आहे. वर फुल क्रीममधला स्कूप चढवला तर ते ६० च्या पुढे जातं आणि कॅलरीत जवळपास साडेतीनशेची भर पडते. नुस्त्याच्या दिवशी पावडरची आणि दुधाची, दोन्ही ओळी शून्य ठेवायला हरकत नाही.